‘हलवा’ म्हणजे नेमकं काय करायचं? लॅबचे प्रोटोकॉल मराठीत आणण्याबद्दल

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या पोरांसाठी प्लाझ्मिड मिनीप्रेपचा, म्हणजे बॅक्टेरियातलं छोटं गोल डीएनए वेगळं काढण्याचा, प्रोटोकॉल मराठीत लिहिला, एका रात्रीत बसून, आणि मला वाटलं चांगलं झालं. त्यात एक ओळ होती, “सोल्यूशन २ घालून ट्यूब हलवा”. दुसऱ्या दिवशी एका मुलीने सोल्यूशन २ घातलं आणि सगळ्या ट्यूबा एकेक करून व्होर्टेक्स या जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर चांगल्या वीस-वीस सेकंद धरल्या. तिचं काही चुकलं नव्हतं. मी हलवा म्हटलं होतं, तिने हलवलं. इंग्रजी कागदावर मात्र ट्यूब हळूच उलटी करा, व्होर्टेक्स करू नका असं स्पष्ट होतं, आणि माझ्या मराठीत ते ‘हलवा’ एवढ्या एका शब्दात गडप झालं. संध्याकाळी डीएनए तपासायला चालवलेल्या जेलवर प्लाझ्मिडच्या बँडच्या वर एक जाड पट्टा आणि खाली लांबलचक धूर पसरल्यासारखा स्मिअर. अख्खा दिवस गेला, आणि ती मुलगी समजत होती की आपल्याला हे जमत नाही.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते लोकांना फारसं आवडत नाही, कारण ते सगळं मराठीतच हवं म्हणणारे आणि इंग्रजीच पुरे म्हणणारे अशा दोन्ही बाजूंच्या विरोधात जातं. प्रोटोकॉल मराठीत हवेत, नक्की हवेत, पण आपण नको ते भाषांतरित करतोय. केमिकलची नावं, युनिट, ‘कॉन्सन्ट्रेशन’, ‘रिएजंट’ यांना मराठी शब्द शोधण्यात सगळी ताकद जाते आणि क्रियापदं मात्र जशी सुचतील तशी टाकली जातात. खरं काम क्रियापदांमध्ये आहे. हाताने काय करायचं, किती वेळ, कुठे थांबायचं, आणि बरोबर झालं तर डोळ्याला काय दिसेल, एवढं मराठीत नीट आलं पाहिजे, बाकीचं बाटलीवर जसं छापलंय तसंच राहू द्या.

मिनीप्रेपच घेते, कारण बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजीत एमएस्सीला आलेला जवळपास प्रत्येक जण हे एकदा तरी करतो. पद्धत जुनी आहे, बर्नबॉइम आणि डोली यांनी १९७९ साली छापलेली, आणि आज किट वापरलं तरी आतलं तत्त्व तेच. बॅक्टेरिया रात्रभर वाढवायचे, दीड मिलिलिटर कल्चर सेंट्रिफ्यूजमध्ये स्पिन करायचं, खाली बसलेल्या पेशी सोल्यूशन १ च्या १०० मायक्रोलिटरमध्ये नीट मोकळ्या करायच्या, मग २०० मायक्रोलिटर सोल्यूशन २ ज्यात NaOH ही अल्कली आणि एसडीएस हा डिटर्जंट असतो, मग १५० मायक्रोलिटर थंडगार सोल्यूशन ३ ज्यात पोटॅशियम ॲसिटेट आणि ॲसिटिक ॲसिड. सोल्यूशन २ पेशी फोडतं आणि डीएनएचे दोन्ही धागे सुटे करतं. बॅक्टेरियाचा मोठा क्रोमोसोम प्रचंड लांब असतो, त्याचे धागे सुटले की गुंता होतो, प्लाझ्मिडची वर्तुळं मात्र छोटी आणि एकमेकांत कडीसारखी अडकलेली, त्यामुळे ती सुटली तरी लांब जात नाहीत. सोल्यूशन ३ ने अल्कली एकदम मारली की प्लाझ्मिड पटकन परत जुळतं, क्रोमोसोमला तेवढा वेळ मिळत नाही आणि तो प्रोटीन आणि एसडीएसबरोबर पांढऱ्या चोथ्यात अडकून खाली बसतो.

आता यात ‘हलवा’ कुठे घात करतो बघा. क्रोमोसोम अखंड लांब आहे तोवर चोथ्यात अडकतो. व्होर्टेक्स केला की त्याचे तुकडे होतात, आणि छोटे तुकडे चोथ्यात न अडकता वरच्या पाण्यात प्लाझ्मिडबरोबर येतात, तोच तो जेलवरचा जाड पट्टा आणि धूर. पण गंमत अशी की याच प्रोटोकॉलमध्ये त्याच्या आधीच्या स्टेपला, सोल्यूशन १ मध्ये, व्होर्टेक्स करायलाच हवा, कारण पेशींचा गठ्ठा राहिला तर आतल्या पेशींना सोल्यूशन २ पोचतच नाही. म्हणजे दोन लागोपाठच्या स्टेप्स, एकीत जोरात आणि दुसरीत अजिबात जोरात नाही, आणि मराठीत आपण दोन्हीकडे “हलवा” किंवा “मिसळा” लिहून मोकळे. आता आमच्या कागदावर पहिलीकडे “व्होर्टेक्स करा, एकही गठ्ठा दिसता कामा नये” आणि दुसरीकडे “झाकण लावून ट्यूब पाच वेळा पालथी-उताणी करा, द्रव घट्ट, तारेसारखा ओढला जाणारा आणि पारदर्शक दिसला पाहिजे” असं आहे. ‘पालथी-उताणी’ हा शब्द माझा नाही, तो एका विद्यार्थ्याने सुचवला, आणि ज्यांनी ज्यांनी वाचला त्यांच्यापैकी कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

दुसरा शब्द ‘इन्क्युबेट’. पुस्तकी मराठीत त्याला उबवण, उबवणे म्हणतात आणि ३७ डिग्रीला प्लेट ठेवायची असेल तर ते बरोबरही वाटतं, कोंबडीच्या अंड्यासारखं. पण सोल्यूशन ३ घातल्यावर ट्यूब बर्फावर ठेवायची असते, आणि एका हस्तलिखितात मी प्रत्यक्ष वाचलंय, “बर्फावर ५ मिनिटे उबवा”. वाचणाऱ्याने काय समजायचं? इंग्रजीत त्या शब्दाचा बेंचवरचा अर्थ एवढाच की ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवून द्या, त्यात ऊब असलीच पाहिजे असं नाही. मराठीत त्यासाठी ‘ठेवा’ आहे, साधा, पुरेसा शब्द, फक्त कुठे आणि किती वेळ ते सोबत लिहायचं. “बर्फावर ५ मिनिटं ठेवा” यात काहीच कमी नाही.

पण वेळेचं प्रकरण शब्दापेक्षा अवघड आहे. आपल्याकडे ‘पाच मिनिटं’ म्हणजे पाच मिनिटं नसतातच ना, पाच मिनिटांत आलो म्हणणारा माणूस वीस मिनिटांनी येतो आणि कुणाला त्यात खोटेपणा वाटत नाही. प्रोटोकॉलमध्ये मात्र पाच मिनिटं हे कधी ‘कमीत कमी’ असतं, कधी ‘साधारण’ आणि कधी ‘याच्या वर नाहीच’. बर्फावरची पाच मिनिटं दहा झाली तर काही बिघडत नाही. सोल्यूशन २ मधली पाच मिनिटं ही शेवटची हद्द आहे. प्लाझ्मिड अल्कलीत जास्त वेळ राहिलं तर त्याचा काही भाग असा बिघडतो की नंतर नीट जुळतच नाही, जेलवर नेहमीच्या सुपरकॉइल, म्हणजे घट्ट पीळ बसलेल्या प्लाझ्मिडच्या बँडच्याही पुढे पळालेला एक फिकट बँड दिसतो आणि तो डीएनए कापणाऱ्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापला जात नाही. मग पोरं आठवडाभर एन्झाइमला दोष देत बसतात, नवीन ट्यूब मागवतात, आणि चूक आधीच्या दिवशी घड्याळात झालेली असते. दोन्हीकडे कागदावर मात्र सारखंच लिहिलेलं, ‘५ मिनिटं ठेवा’.

आणि घड्याळ कधी सुरू करायचं तेही कुणी लिहीत नाही. समजा बारा ट्यूबा आहेत. प्रत्येकीत सोल्यूशन २ घालून, झाकण लावून, पालथी-उताणी करायला नव्या मुलाला वीस सेकंद लागतात, बारा गुणिले वीस म्हणजे चार मिनिटं. तो बारावी ट्यूब झाल्यावर टायमर लावतो, पाच मिनिटं थांबतो, आणि मग पहिल्या ट्यूबकडे येतो. तोवर पहिलीला नऊ मिनिटं झालेली असतात, आणि मग शेवटच्या ट्यूबेपर्यंत प्रत्येकीला थोडी कमी-जास्त. म्हणून आमच्या कागदावर आता “एका वेळी सहाच ट्यूबा, टायमर पहिल्या ट्यूबेला सोल्यूशन २ लागलं की लगेच, त्याच क्रमाने सोल्यूशन ३ घाला, कुठलीही ट्यूब ५ मिनिटांच्या पुढे नको” असं आहे. ही माहिती इंग्रजी मूळ कागदात नव्हती. भाषांतर करताना ती घालावी लागली. माझ्या दृष्टीने हेच भाषांतर आहे, कारण अनुभवी माणसाच्या हातात जे असतं आणि इंग्रजी कागद जे गृहीत धरतो ते नव्या माणसाच्या कागदावर यायला हवं, नाहीतर मग त्याने तो वाचायचा तरी कशाला.

रात्रभर हाही तसाच शब्द. कल्चर ‘रात्रभर’ वाढवा म्हणजे १२ ते १६ तास, ३७ डिग्री, शेकरवर. पण पोरगं दुपारी साडेतीनला टाकतं, कारण साडेपाचची बस पकडायची असते, आणि सकाळी साडेदहाला येतं, झाले एकोणीस तास, त्यात मध्ये लाइट जाऊन शेकर दोन तास बंद. म्हातारं कल्चर, पेशी मेलेल्या, डीएनए कमी आणि घाण. तास लिहा, ‘रात्रभर’ नको. ‘रूम टेंपरेचर’ तर विचारूच नका, इंग्रजीत ते साधारण २० ते २५ डिग्री धरून लिहिलेलं असतं, ‘खोलीचं तापमान’ असं भाषांतर केलं की नांदेडच्या मे महिन्यातली खोली आणि डिसेंबरातली नाशिकची सकाळ दोन्ही त्यात आल्या. थंडीत सोल्यूशन २ मधलं एसडीएस बाटलीतच पांढरं होऊन बसतं. मग मुलं तसंच वापरतात आणि पेशी नीट फुटत नाहीत. तिथे “पांढरं दिसलं तर ३७ डिग्रीला ठेवून पूर्ण पारदर्शक झाल्यावरच वापरा” ही एक ओळ लागते.

आता नावं आणि आकडे, जिथे मी म्हणते की हात लावू नका. शाळेत दहावीपर्यंत मराठी माध्यमात कॉन्सन्ट्रेशनसाठी ‘संहती’ शिकलेली मुलं आमच्याकडे येतात, पण बेंचवर कुणी संहती म्हणत नाही, आणि बाटलीवर M, mM, % असंच असतं. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उत्तम आहेत, पुस्तक लिहायला मी स्वतः वापरते, पण प्रोटोकॉल वाचणारा एका हाताने पिपेट धरून दुसऱ्या हाताने रॅकमधली बाटली शोधत असतो, त्याला कागदावरचा शब्द आणि लेबलवरचा शब्द जुळलेला हवा. रिएजंटऐवजी अभिकर्मक लिहिलेली बाटली आमच्या कपाटात नाही. युनिटचं तर मराठी संक्षेप करणं मला धोक्याचं वाटतं. मायक्रोलिटरला ‘मा.लि.’ आणि मिलिलिटरला ‘मि.लि.’, एका वेलांटी-कान्याचा फरक आणि हजारपट चूक. म्हणून एकतर पिपेटवर छापलंय तसं µl ठेवा किंवा मायक्रोलिटर हा शब्द पूर्ण लिहा.

तरी आकड्यांभोवतीचे शब्द टाळता येत नाहीत आणि तिथे मराठी आपल्यालाच फसवते. घरात ‘एकास दोन पाणी’ म्हणजे एक वाटी तांदूळ आणि वर दोन वाट्या पाणी. लॅबमध्ये ‘एकास दहा डायल्यूशन’ म्हटलं की तोच हात एक भाग घेतो आणि वर दहा भाग पाणी घालतो, एकूण अकरा झाले, आणि आपल्याला हवे होते एकूण दहा. त्याहून वाईट म्हणजे ‘10X बफर’. एका कागदावर मी ‘दहापट बफर घाला’ असं वाचलं. 10X म्हणजे बफर दहापट तीव्र आहे, म्हणून २० मायक्रोलिटरच्या रिॲक्शनमध्ये तो फक्त २ मायक्रोलिटर घालायचा. ‘दहापट घाला’ वाचणारा नेमकं उलटं करणार. तसंच शेवटी प्लाझ्मिड खाली आणायला ‘दोन व्हॉल्यूम इथेनॉल’ घालतात, ४०० मायक्रोलिटर असेल तर ८०० मायक्रोलिटर इथेनॉल. “इथेनॉल घालून दुप्पट करा” लिहिलं की मुलगा ४०० घालणार, कारण दुप्पट झालं ना! यावर उपाय साधा आहे, गुणोत्तर शब्दांत लिहूच नका, थेट मायक्रोलिटर लिहा, आणि हिशोब शेजारी मोकळा मांडा. आमचं सोल्यूशन २ असं लिहिलंय, “१० मिलिलिटर करायचंय. आधी पाणी ८.८ मिलिलिटर, त्यात 10 N NaOH २०० मायक्रोलिटर, मिसळून घ्या, शेवटी 10% एसडीएस १ मिलिलिटर. त्याच दिवशी करा, त्याच दिवशी वापरा.” पुढे एक वाक्य कारणाचं, की NaOH हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि हळूहळू कमजोर होतं. कारण लिहिलं की मुलं गेल्या आठवड्याची बाटली वापरत नाहीत, नुसतं ‘ताजं करा’ लिहिलं की वापरतात, हे मी दोन बॅचमध्ये बघितलंय.

सोल्यूशन ३ वरून तर आमच्या लॅबमध्ये खरंच भांडण झालं होतं. लोक त्याला सर्रास 5 M पोटॅशियम ॲसिटेट म्हणतात, बाटलीवरही काही ठिकाणी तेवढंच लिहितात. प्रत्यक्षात ते ६० मिलिलिटर 5 M पोटॅशियम ॲसिटेट, साडेअकरा मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि साडेअठ्ठावीस मिलिलिटर पाणी असं १०० मिलिलिटर असतं, म्हणजे पोटॅशियम 3 M आणि ॲसिटेट 5 M. नुसतं ‘५ मोलर पोटॅशियम ॲसिटेट’ असं भाषांतर केलं की ॲसिड गायब. नवीन मुलाने नुसतं पोटॅशियम ॲसिटेट विरघळवून ठेवलं, घातलं, पोटॅशियममुळे पांढरा चोथा आलाही, म्हणून त्याला वाटलं सगळं ठीक आहे, पण अल्कली मारली गेलीच नव्हती आणि जेलवर काही कामाचं आलं नाही. इथे भाषांतर करणाऱ्याला केमिस्ट्री माहीत नसेल तर त्याला हा खड्डा दिसणारच नाही, कितीही चांगलं मराठी येत असलं तरी.

एक जागा मात्र अशी आहे जिथे मराठी इंग्रजीपेक्षा सरळ चांगली आहे. या प्रोटोकॉलमध्ये तीनदा स्पिन होतं. पहिल्यांदा खाली पेशी बसतात, खालचं ठेवायचं, वरचं टाकायचं. सोल्यूशन ३ नंतर उलटं, वरचं ठेवायचं, खालचा पांढरा चोथा टाकायचा. इथेनॉलनंतर परत उलटं, खालचं ठेवायचं. सुपरनेटंट, पेलेट, डिस्कार्ड, ट्रान्सफर या चार इंग्रजी शब्दांत नवीन मुलं दरवर्षी अडकतात आणि दरवर्षी कुणीतरी स्वतःचं प्लाझ्मिड वॉश बेसिनमध्ये ओततं. ताकाचं भांडं रात्रभर ठेवलं की वर निवळ येते आणि खाली साका बसतो, हे शब्द गावाकडच्या मुलांच्या तोंडात आहेत. आम्ही तेच घेतले, आणि प्रत्येक स्पिननंतर एकच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहिला, “तुझं प्लाझ्मिड आत्ता कुठे आहे?” आणि खाली उत्तर, “साक्यात, पेशींच्या आत”, “निवळीत”, “साक्यात, तळाला चिकटलेलं, कदाचित दिसणारही नाही”. शिवाय एक सोपा नियम, काम पूर्ण होऊन जेल दिसेपर्यंत काहीच ओतून द्यायचं नाही, दोन्ही भाग लेबल लावून ठेवायचे.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा या सगळ्याला विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, मॅडम, या पोरांना थीसिस इंग्रजीत लिहायचाय, उद्या पुण्याला-हैदराबादला गेली तर तिथे मराठी कागद कोण देणार, तुम्ही त्यांना लाडावताय. पण मी इंग्रजी कागद काढून घेतलेला नाही, तो शेजारीच चिकटवलेला आहे, आणि नावं, आकडे दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मुलं आपणहून इंग्रजीच वाचतात, कारण आता त्यांना इन्व्हर्ट म्हणजे काय ते हाताने माहीत असतं. उलट सुरुवातीलाच फक्त इंग्रजी दिलं तर ती शेजारच्याचं बघून करतात, आणि शेजारचाही कुणाचं तरी बघूनच करत असतो. दहा नॉर्मल NaOH हातात असताना बघून करणं मला परवडत नाही, डोळ्यात एक थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो.

सहकाऱ्यांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, की चुकीचं मराठी भाषांतर हे नसण्यापेक्षा वाईट, कारण मुलं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. म्हणूनच विद्यापीठं जेव्हा मराठी प्रॅक्टिकल मॅन्युअल काढायचं म्हणतात आणि भाषातज्ज्ञांची समिती नेमतात, तेव्हा मला धडकी भरते. समिती शब्द तपासते. प्रोटोकॉल तपासायचा एकच मार्ग मला माहीत आहे, ज्याने हे कधी केलेलं नाही अशा विद्यार्थ्याच्या हातात फक्त मराठी कागद द्यायचा, भाषांतर करणाऱ्याने शेजारी तोंड मिटून उभं राहायचं, आणि मुलगा जिथे थांबतो, मागे बघतो, किंवा विचारायला तोंड उघडतो त्या जागेवर पेन्सिलने खूण करायची. मग दुसऱ्या दिवशी जेल बघायचा. जेलवर स्वच्छ प्लाझ्मिड आलं तर कागद पास, नाही आलं तर तो कितीही शुद्ध मराठीत असो, परत लिहायचा. आणि कागदावर तारीख, कितवी आवृत्ती, आणि कुठल्या इंग्रजी कागदावरून केलाय ते लिहिलेलं हवं, कारण मूळ प्रोटोकॉल बदलतात आणि भिंतीवरचे मराठी कागद वर्षानुवर्षं तसेच राहतात.

आमचा कागद सध्या सातव्या आवृत्तीला आहे. पहिल्या खेपेला मी स्वतः उभी राहिले तेव्हा अकरा खुणा झाल्या होत्या, मागच्या महिन्यात दोन झाल्या. त्यातली एक ‘निवळ अलगद काढा’ या ओळीवर होती, मुलाने विचारलं, मॅडम अलगद म्हणजे किती ठेवून किती काढू? साडेचारशेतली चारशे मायक्रोलिटर काढायची, उरलेल्याचा लोभ धरायचा नाही, कारण तिथे चोथ्याचे कण तरंगत असतात. ते आता ‘अलगद’ खोडून आकड्यात लिहिलंय. दुसरी खूण ‘वाळवा’ वर आहे, इथेनॉल उडवायला साका किती वाळवायचा, कमी वाळला तर सॅम्पल जेलच्या खाचेत न बसता वर तरंगतं आणि फार वाळला तर नंतर विरघळत नाही, आणि मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये त्याचे मिनिटं वेगळे येतात. त्या ओळीवर अजून काम चालू आहे.